तारीख सोडल्याचं पत्र

दिलेला शब्द आणि दिलेला ॲडव्हान्स माणसाने कधी परत घेऊ नये, हे वधूपित्यांचं आयुष्यभराचं तत्त्व होतं. मंगळवारी सकाळी अकरा वाजता ते फोटोग्राफरच्या स्टुडिओत ॲडव्हान्स परत मागायला जाऊन बसले.

वधूपिता म्हणायचं ते आता केवळ सवयीने. लग्न मोडून नऊ दिवस झाले होते. भांडण नाही, तंटा नाही. मुलाला परदेशी जायचं होतं, मुलीला जायचं नव्हतं. तिने दुसऱ्या गावी नोकरी धरली. तिथल्या खोलीचं पंचवीस हजार डिपॉझिट शनिवारपर्यंत भरायचं होतं, आणि फोटोग्राफरचा चाळीस हजारांचा ॲडव्हान्स तिच्याच पगारातून गेला होता. "तू निर्धास्त राहा, पंचवीस तर मी आणतोच," असं वधूपिता घरी बोलून बसले होते.

फोटोग्राफरने पावती उलटी करून काचेवर ठेवली. मागे बारीक अक्षरात अटी होत्या.

"साठ दिवस आधी रद्द केलं तर निम्मे परत. त्यानंतर काही नाही. आज किती दिवस राहिले, काका?"

"चोपन्न. पण मी एकसष्ट दिवस बाकी असतानाच मेसेज केला होता."

फोटोग्राफरने मोबाइल काढून मेसेज मोठ्याने वाचला. "'काही अपरिहार्य कारणास्तव सदर मंगल कार्याच्या नियोजनाबाबत फेरविचार सुरू असून यथावकाश कळविण्यात येईल.' काका, यात रद्द कुठंय?"

वधूपित्यांनी तीस वर्षं कचेरीत मसुदे लिहिले होते. ज्यातून कुणालाच काही कळू नये असं वाक्य लिहिणं ही त्यांची खासियत होती, आणि या वाक्यावर त्यांनी एक अख्खी संध्याकाळ घातली होती. ते पुरेपूर यशस्वी झालं होतं.

"समजून घ्यायचं असतं हो."

"मी समजलो तारीख पुढे जातेय. म्हणून तुमची तारीख अडवून ठेवली. व्हिडिओवाल्याला टोकन दिलं, ड्रोनवाल्याला दिलं. ते काय मला परत देणारेत?"

"किती टोकन?"

"पाच-पाच."

"पावती?"

"काका, ड्रोनवाला पावती देतो होय?"

आतल्या टेबलावर फोटोग्राफरची बायको हिशेबाच्या वहीत डोकं घालून बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "अहो, ते चोवीस तारखेवाले सकाळपासून तिसऱ्यांदा विचारतायत. रिकामी झाली का म्हणून."

फोटोग्राफरला मोठा खोकला आला. चोवीस ही मोडलेल्या लग्नाची तारीख होती.

वधूपिता खुर्चीत सरळ झाले. "म्हणजे तारीख विकली जातेय. व्हिडिओवाला तोच, ड्रोन तोच, टोकन तेच. तुमचं नुकसान कुठंय?"

"नुकसान नाही कसं? एवढे दिवस अडकून पडलो ना."

"त्याचे घ्या की. कोण नाही म्हणतंय? दहा ठेवा, तीस द्या."

"वीस."

"तीस. आणि मी आत्ता लेखी देत नाही तोवर तारीख माझीच आहे. चोवीसला मी एकटा येऊन फोटो काढून घेईन. दिवसभर."

फोटोग्राफरने त्यांच्याकडे नीट पाहिलं. हा माणूस येईल, असं त्याला वाटलं असावं.

"अहो, पंचवीस देऊन मोकळे व्हा," बायको वहीत बघतच म्हणाली. "ती पार्टी जाईल."

"पंचवीस. ज्या खात्यातून आले त्यातच आत्ता ऑनलाइन टाकतो. पण पत्र स्पष्ट हवं. उद्या तुम्ही 'माझी तारीख' म्हणत यायला नको."

वधूपित्यांनी काउंटरवरचं पेन आणि कागद ओढला. "उपरोक्त विषयास अनुसरून," असं लिहिलं. मग "उभयपक्षी विचारविनिमयान्ती" लिहिलं. फोटोग्राफर वरून वाकून वाचत होता.

"काका, साधं लिहा ना."

नऊ दिवसांत त्यांनी शेजाऱ्यांना 'जरा लांबलंय' सांगितलं होतं, मेव्हण्याला 'हॉलचा घोळ आहे' सांगितलं होतं, आणि आरशासमोर काहीच सांगितलं नव्हतं. त्यांनी दोन्ही ओळी खोडल्या. नवा कागद घेतला.

'माझ्या मुलीचं लग्न मोडलं आहे. चोवीस तारीख सोडली. पंचवीस हजार परत मिळाले, बाकीवर हक्क नाही.' खाली सही.

तीस वर्षांत इतका छोटा मसुदा त्यांच्या हातून उतरला नव्हता. वाचून त्यांना स्वतःलाच हलकं वाटलं. फोटोग्राफरने पत्र ठेवून घेतलं आणि मोबाइलवरून पैसे टाकले. तेवढ्यात मुलीचा मेसेज आला: 'आले पंचवीस. कसं केलंत बाबा?' त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसला, ताठ मानेने उठले आणि दाराला हात घातला.

"काका," फोटोग्राफर मागून हळूच म्हणाला, "तेवढं आमचं पेन द्या. तुमच्या खिशात गेलंय."