बुधवारी पळून पाहिलेला मार्ग

गेले चार महिने ताई दर शुक्रवारी खोटं बोलत होती, आणि तेही पासष्ट जणांशी एकदम.

रविवारी पहाटे पळणाऱ्या गटाचा निरोप तिच्या हातचा असायचा. जमायचं साडेपाचला, पाण्याच्या टाकीपाशी. मार्ग आठ किलोमीटर. वेगवान गट किलोमीटरला साडेपाच मिनिटं, मधला साडेसहा, निवांत आठ. चमकणारं जाकीट घाला, समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने पळा, गटाचा फोन शेवटच्या माणसाकडे, बाकीच्यांचे टाकीपाशी पिशवीत. आणि तळाशी गटाचा जुना नेम: ‘हा मार्ग मी बुधवारी स्वतः पळून पाहिला आहे.’

डोंबलाचं पळून! आईला अर्धांगाचा झटका आल्यापासून ताई घराबाहेर पडायची ती औषधं आणण्यापुरती. भाऊ फोनवर म्हणायचा, "तू आहेस म्हणून मी निर्धास्त." त्याला काय जातंय म्हणायला! हा निरोप सुटला तर आपलं असं काही उरणार नाही, या भीतीने ताई गप्प राहिली आणि जुनेच मार्ग उलटसुलट करून पाठवत राहिली.

त्या रविवारी गट निघाल्यावर पाच मिनिटांनी दूधवाला दारात म्हणाला, "पुलाखालून जाऊ नका हं. मंगळवारपासून रस्ता खणून ठेवलाय, पुरुषभर खड्डा. दिवाही नाही."

पूल तिसऱ्या किलोमीटरला होता. तिने सगळ्यांच्या मागे पळणाऱ्या सुतारकाकांना फोन लावला.

"अगं, वेगवान मंडळी कधीच पुढे गेली," काका धापा टाकत म्हणाले. "त्यांना कसं गाठू?"

फोन मागे ठेवायचा नियम ताईचाच.

पूल घरापासून दोन गल्ल्यांवर. आईने तिची ओढणी धरली. "नको जाऊस." ताईने तिची बोटं एकेक करून सोडवली, पलंगाचा कठडा वर केला आणि चपलांवरच धावत सुटली.

वळणावरून जाकिटं चमकली तेव्हा ती खड्ड्यापुढे हात पसरून ओरडत होती. सर्वांत पुढचा दातांचा डॉक्टर चार हातांवर थांबला.

"ताई! बुधवारी पाहिला होतात ना?"

"नव्हता पाहिला. चार महिने पळालेच नाही. आई अंथरुणावर आहे."

"अरेरे!" डॉक्टरने घड्याळ पाहिलं. "मग वळसा कुठून?"

तिने वळसा सांगितला. मंडळी निघाली. तिचे पाय आपसूक त्यांच्यामागे चार पावलं गेले, आणि थांबले. घरी पोचली तेव्हा आई ओल्या अंथरुणात रडत होती.

पुढच्या शुक्रवारी मार्ग पाठवण्याआधी ताईने गटावर एक ओळ पाठवली: ‘बुधवारी कोणी तासभर आईपाशी बसेल का? मी मार्ग पाहून येते.’

पाच मिनिटांत एकेचाळीस अंगठे उमटले; ‘मी बसतो’ असं मात्र कोणी लिहिलं नाही. मग डॉक्टरने लिहिलं, "काळजी घ्या, ताई. मार्ग कोणता?"

आतून आईने हाक मारली. "आले गं," म्हणत ताईने मार्चमधला एक निरोप शोधून तसाच चिकटवला. तळाची ‘बुधवारी स्वतः’वाली ओळही सोबत आली. ती तिने खोडली नाही.