चाळीस की पंचेचाळीस

दुपारी दोनला भाचीचा पेपर, आणि अकरा वाजले तरी नऊ धड्यांच्या नोट्सची कात्रणं पलंगावर लोळत होती. मोठ्या कागदावर व्याख्या, सूत्र, उदाहरण असे तीन रकाने पाडून ती एकेक चिकटवत होती. पाय सारखा हलत होता. ‘सरासरी चाल’पाशी ती किंचाळली.

“मामा, उदाहरण तू बदललंस! साठ किलोमीटर अंतर ताशी तीसनं जायचं, ताशी साठनं परत यायचं. सूत्रात दोन्ही चालींची बेरीज भागिले दोन, म्हणजे पंचेचाळीस. इथं चाळीस!”

“आईशप्पथ, या वेळी मी नाही!”

“मागच्या वेळीही हेच म्हणालास.” तिनं उदाहरण उचकटायला नख लावलं.

माझ्यासारख्या खोडकराचं खरं कोण ऐकणार?

“माझं सोड, शेजारची व्याख्या वाच.”

“एकूण अंतर भागिले एकूण वेळ. एकशेवीस भागिले तीन... अगं बाई, चाळीसच! मग सूत्र?”

“कुठल्या धड्यातलं?”

“एकसमान त्वरणाच्या. वेग एकाच दरानं वाढत असेल तरच चालतं ते.” तिनं सूत्राखाली ती अट लाल पेननं लिहिली आणि घड्याळ पाहिलं. “सगळ्याच ओळी ताडून बघायला हव्यात. वाच मामा, पण जसंच्या तसं!”

एखादा आकडा बदलायला जीभ वळवळत होती, तरी मी जसंच्या तसं वाचलं.