शेळीनं खाल्लेला रेडा

शेळीनं रेडा खाल्ला, शिंगांसकट खाल्ला, आणि ढेकरही दिला नाही. हे कुणाला पटणार नाही, ठाऊक आहे. पटवून घ्यायचंच असेल तर आधी जीनच्या पँटीकडे बघायला शिका. भाची अजून शिकतच होती.

जुने कपडे विकणाऱ्या एका ॲपच्या गोदामावर, पत्र्याच्या जिन्यानं चढून जावं अशी एक खोली होती. खोलीत दोन टेबलं, दोन मोठे पडदे आणि एक पंखा. तो पंखा वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त द्यायचा. लोक घरून फोटो पाठवत आणि या खोलीत बसून ठरवायचं, वस्तू अस्सल की नक्कल. एका टेबलाशी मामा बसायचे. जीनच्या कारखान्यात खिशांच्या कोपऱ्यांवर रिव्हेट, म्हणजे तांब्याच्या चपट्या खिळ्या, ठोकण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे एकदा ते झोपेत चारशे ठोकून आले आणि एकही वाकडं गेलं नाही. दुसऱ्या टेबलाशी त्यांची भाची, नोकरीला लागून जेमतेम दोन महिने झालेली.

त्या सकाळी तिनं एक पँट अर्ध्या मिनिटात निकालात काढली. रेडा-छाप जीन, चाळीसएक वर्षांपूर्वीची. कंपनी कधीच बंद पडलेली, म्हणून शौकीन लोक शोधत फिरतात. पण कमरेमागच्या पट्टीवरचा रेडा मान वर करून बघत होता, जणू कुणी हाक मारलीय. अस्सल रेडा मान खाली घालून शिंगं रोखतो. शिवाय पट्टी चामड्याची नव्हती, रेक्झिनची होती. भाचीनं 'नक्कल'वर बोट दाबलं आणि चहा प्यायला घेतला.

दुपारी फोन आला. आवाज म्हाताऱ्या बाईचा, पण खणखणीत.

"सकाळी माझ्या नातीनं पँटीचे फोटो पाठवले होते. नक्कल म्हणून तुम्हीच लिहिलंत का?"

"हो आजी. पण त्यात तुमची काही चूक नाही..."

"माझी चूक कशाला असेल? पँट आमच्या ह्यांची. विकायची तर मुळीच नाही. नातीला आगाऊपणा कुणी सांगितला होता! पण आता ती म्हणते, आजोबांनी तुला फसवलं. मला बघायला आले तेव्हा हीच पँट घालून आले होते. म्हणाले, सायकल विकून अस्सल रेडा घेतलाय, तुमच्यासाठी. त्या सायकलीवर मी भाळले हो. जी विकली त्या सायकलीवर!" बाई हसल्या आणि मधेच थांबल्या. "जाऊन पाच महिने झाले. थापा तर रोज मारायचे, त्याचं काही नाही. पण ती एक गोष्ट मी खरी धरून चालले होते. तेवढी खरी होती का, सांगाल?"

मामांनी खुर्ची जवळ ओढली, फोनचा स्पीकर लावला आणि पडद्यावरचे फोटो मोठे केले.

"कुठून सुरुवात केलीस?" त्यांनी हळूच विचारलं.

"पट्टीपासून."

"म्हणजे माणसाची टोपी बघून गोत्र सांगितलंस. पट्टी दोन टाक्यांत बदलता येते गं. रिव्हेट बघ."

खिशाच्या कोपऱ्यावरचं रिव्हेट भाचीनं आता नीट पाहिलं. त्यावर कंपनीची अक्षरं होती, झिजलेली पण कडा धरून बसलेली. नकली ठशात ती भाकरीच्या पिठासारखी पसरतात. कडेला हिरवट डाग होता. तांबं हिरवं पडतं. लोखंडावर तांब्याचा मुलामा असता तर तांबूस गंज आला असता.

"रिव्हेट खरं दिसतंय," ती पुटपुटली.

"दिसतंय म्हणू नकोस, अजून दोन साक्षीदार बोलाव." मामा फोनकडे वळले. "वहिनी, नात आहे का जवळ? तिला तीन फोटो काढायला सांगा. कमरेचं बटण आतून. आतलं कापडी लेबल, खिडकीशी धरून, उजेड बाजूनं येऊ दे. समोरून आला तर पुसट अक्षरं गायब होतात. आणि मागची पट्टी, पण भोवतालचं कापडही दिसू दे."

दहा मिनिटं पंखा एकटाच बोलत होता. भाचीनं तेवढ्यात तीनदा पदर झटकावा तशी ओढणी झटकली. मग फोटो आले.

बटणाच्या पाठीवर आकडा ठोकलेला होता: सत्तावीस. लेबल धुऊन धुऊन दुधाच्या सायीसारखं झालं होतं, पण तिरप्या उजेडात तळाचा आकडा उमटला. सत्तावीस.

"रेडा-छापवाले कारखान्याचा आकडा दोन्हीकडे टाकायचे," मामा म्हणाले. "नक्कल करणारे बटण एका बाजारातून आणतात, लेबल दुसऱ्या. दोघांची गाठ पडत नाही."

भाची तिसऱ्या फोटोवर वाकली. रेक्झिनच्या पट्टीभोवतीचं कापड विटून आभाळासारखं झालं होतं. पण पट्टीपासून बोटभर बाहेर, चारी बाजूंनी, सुईच्या जुन्या भोकांची रिकामी रांग चालली होती. आणि एका कोपऱ्यात, जुन्या दोऱ्याखाली, नखाएवढा चामड्याचा तुकडा अडकून राहिला होता.

"मामा, इथं आधी मोठी पट्टी होती! चामड्याची!" ती ओरडलीच. "आजी, ही पट्टी कधी बदलली होती का?"



"बदलली म्हणजे..." बाई म्हणाल्या. "ते सांगायचे, मला बघायला यायच्या आदल्या दिवशी पँट धुऊन वाळत घातली आणि त्यांच्या शेळीनं मागचा रेडा खाल्ला. मग बाजारातून मिळेल तो रेडा आणून रात्रीत शिवला. बेचाळीस वर्षं सांगत होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. मी एकदाही विश्वास ठेवला नाही. दर वेळी म्हणायची, पुरे झाल्या थापा."

"आजी," भाची म्हणाली. "पँट अस्सल आहे. रिव्हेट, बटण, लेबल, तिन्ही जुळतात. पट्टी तेवढी नंतरची. मी घाईनं चुकीचं लिहिलं, आत्ता बदलते. मला माफ करा."

"म्हणजे सायकल..."

"सायकलीचं फोटोत दिसत नाही हो. पण पँट त्यांनी सांगितली तीच आहे."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, मग पँटीवरून हात फिरवल्याचा असावा असा खसखस आवाज. भाचीनं 'नक्कल' खोडून 'अस्सल, मागची पट्टी बदललेली' असं लिहिलं. गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण मामांना रडणारी माणसं सोसवत नाहीत, आणि खरं बोलून झालं की त्यांची जीभ वळवळते.

"वहिनी, शेळीचंही खरं आहे बरं का!" ते फोनवर वाकले. भाचीनं त्यांची बाही ओढली, पण बैल उधळला होता. "आमच्याकडे फोटो शंभर पट मोठा करायचं यंत्र आहे. त्या चामड्याच्या तुकड्यावर चावा स्वच्छ दिसतोय. खालच्या पुढच्या दातांची रांग, वरच्या पुढच्या दातांची रांग, मोजून आठ आणि आठ! अशी देखणी शेळी मी..."

"अहो, खोटं!" बाई फोनवर ओरडल्या, आणि रडता रडता त्यांना हसू फुटलं. "साफ खोटं! त्याच शेळीची धार मी पुढं सहा वर्षं काढली. शेळीला वरचे पुढचे दात नसतातच मुळी!"