पैसे येऊन राहिले

खोटं बोलायचं झालं तर मी संत्र्यापासून सुरुवात करतो. सौंसर-नागपूर बसवर कंडक्टर होतो तेव्हा बोरगावचं एक संत्रं चाकाखाली आलं आणि बसच पंक्चर झाली. प्रवाशांनी ते फोडून खाल्लं, उरलेल्या सालीत दोन म्हाताऱ्या सावलीला बसल्या. हे मी चाळीस वर्षं सांगून राहिलो, आणि सौंसरात आजवर कोणी पुरावा मागितला नाही.

मंगलाची गोष्ट मात्र खरी आहे. म्हणूनच तिच्याकडं पुरावा मागितला गेला.

मंगला माझ्या शेजारची. तिच्या बचत गटातल्या बाया शाळेचे गणवेश शिवतात. कापडाच्या कडांचे धागे निघू नयेत म्हणून त्यांना इंटरलॉकची मशीन पाहिजे होती. गटानं नऊ हजार रुपये मंगलाच्या हातात दिले, कारण मोबाईल तिचा चालतो. तिनं ॲपवर मशीन मागवली, दारात आलेल्या पोराला रोख पैसे मोजून दिले. मशीन पहिल्याच दिवशी असा धूर सोडायला लागली की शेजारच्यांना वाटलं, मंगलाकडं पाहुणे आले, चूल पेटली.

मशीन परत केली. पोरगा येऊन खोकं घेऊन गेला, पोचही मिळाली. रोखीनं घेतलेल्या मालाचे पैसे परत पाहिजेत तर खात्याचा नंबर भरा, असं ॲप म्हणालं. बस स्टँडजवळ प्रवीणचं ऑनलाइनचं दुकान आहे. त्यानं मंगलाचा नंबर भरून दिला. दोन-चार दिवसांत ॲपवर हिरवी खूण आली: 'परतावा पूर्ण'.

खात्यात मात्र काही नाही. पासबुक छापलं, तिथंही काही नाही. कंपनीला विचारलं की एकच उत्तर: परतावा पूर्ण झाला आहे, आपल्या बँकेशी संपर्क साधा. बँकेतली बाई म्हणे, आमच्याकडं काही आलंच नाही, कशाशी संपर्क करता?

पोळा होऊन गेला. गटातल्या बाया मंगलाशी बोलताना शेवटचा शब्द जरा संशयानं ओढायला लागल्या. तेव्हा ती माझ्याकडं आली.

"काकाजी, तुमी लिवा. तुमच्या लिवण्यात जोर आहे."

जोर होताच. ॲप मराठीत चालत होतं, तर मी मराठीतच लिहिलं, आणि आमच्या मराठीत लिहिलं. प्रवीण टाइप करत होता, मी सांगत होतो: 'तुमचे पैसे पोळ्याच्या आधीपासून येऊन राहिले आहेत. बहुतेक बैलबंडीनं निघाले असतील. वाटेत रामाकोन्याला मुक्काम केला असेल तर बैलांना चारा आम्ही पाठवतो.' प्रवीण इतका हसला की त्याच्या हातून दोनदा 'बैल' लिहिलं गेलं. पाठवून दिलं.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: 'ग्राहकाने स्वतःच्या लेखी निवेदनात रक्कम खात्यात येऊन राहिली असल्याचे मान्य केले आहे. तक्रार समाधानकारकरीत्या निकाली.'

मी ते तीनदा वाचलं. आमच्याकडं 'येऊन राहिला' म्हणजे अजून वाटेत आहे, पोचला नाही. तिकडं खुर्चीत बसलेल्यानं वाचलं, आला आणि राहिला. मुक्कामालाच राहिला!

हसण्यासारखंच होतं. पण ते उत्तर गटाच्या बैठकीत गेलं. गटाची अध्यक्ष इंदूबाई. कामाला वाघीण, बोलायला विळा. तिनं फोन डोळ्यापासून लांब धरून वाचलं.

"'मान्य केले आहे.' हे पाह्य मंगला, तूच लिवून दिलं ना, पैसे भेटले म्हणून?"

"बाई, येऊन राहिले म्हणलं, आले नाई म्हणलं."

"मले कायले शिकवतं? कंपनी शिकली-सवरलेली आहे. ते काय खोटं लिवन? तुयं दुसरं खातं असन कुठं पांढुर्ण्याले, त्यात गेले असतीन."

"माह्यं एकच खातं आहे. चाला बँकेत, पाहा."

"आम्ही कायले पाहाव? तू हप्त्या-हप्त्यानं भरून टाक, गोष्ट संपली. कोणी तुले चोर नाई म्हणून राहिलं."

मंगला उठली. मी ओट्यावर बसून ऐकत होतो, कारण मला बैठकीत जागा नसते आणि कान मात्र आत असतात.

"भरीन तर त्याच दिवशी चोर ठरीन," ती म्हणाली. "एक रुपया भरत नाई. पैसे कंपनीकडून आणीन, आणि इथंच, या सतरंजीवर, तुमच्याच हातानं मोजायले लावीन."

इंदूबाई म्हणाली, "आण बापा." आणि पुढचा विषय काढला.

तिथून मंगला थेट प्रवीणच्या दुकानात, आणि मी तिच्या मागं.

"नवीन लिवायचं," ती म्हणाली. "काकाजी, तुमी बोलायचं नाई."

"मी न बोलता तू कसं लिवतं व?"

"बैल नाई पाहिजे. बंडी नाई पाहिजे. रामाकोना नाई पाहिजे."

"मग उरलं काय?"

"जे झालं ते."

माझ्या जन्मात माझा एवढा अपमान कोणी केला नव्हता. तरी बसलो. प्रवीण म्हणाला, बंद केलेली तक्रार पुन्हा त्याच खिडकीत टाकली तर पुन्हा तोच खुर्चीवाला वाचेल. कंपनीला तक्रार निवारण अधिकारी ठेवावा लागतो, त्याचा पत्ता ॲपच्या तळाशी बारीक अक्षरात असतो. त्याला लिहिलं की दोन दिवसांत पोच द्यावी लागते आणि महिन्याभरात निकाल. नाहीच दिला तर ग्राहक हेल्पलाइन आहे, एक नऊ एक पाच.

मग मंगला सांगत गेली. ऑर्डरचा नंबर. परत नेल्याची तारीख, पोचपावती जोडली. 'परतावा पूर्ण' दिसतं त्या पानाचा फोटो जोडला. त्या दिवसापासून आजपर्यंतचं बँकेचं स्टेटमेंट जोडलं, ज्यात ही रक्कम नाही.

"आता मागणी काय लिवू?" प्रवीणनं विचारलं.

"पैसे द्या म्हणून लिव."

"तसं तर आधीपण लिवलं. ते म्हणतीन दिले."

मंगला म्हणाली, "दिले तर कोणाले दिले, ते विचार. बस कोणत्या गावाले गेली ते कंडक्टरले सांगाव लागते ना?"

आता हा माझा विषय होता. मी म्हटलं, "तिकिटाचा नंबर माग!"

"आहे काकाजी तसा," प्रवीण म्हणाला. "बँकेतून पैसे पाठवले की व्यवहाराचा नंबर असतो, यूटीआर म्हणतात. अन् कोणत्या खात्यात पाठवले त्याचे शेवटचे अंक."

ते लिहिलं. शेवटी मंगला म्हणाली, "अन् खाली लिव. आमच्याकडं 'येऊन राहिले' म्हणजे 'अजून आले नाहीत'. माह्या नावावर जे मान्य केलं असं लिवलं, ते मी मान्य केलेलं नाही. ते काढून टाका आणि तसं लेखी कळवा."

मी म्हटलं, "एक तरी बैल राहू दे."

"नाई."

पाठवलं. पोच दुसऱ्याच दिवशी आली. आणि काही दिवसांनी दुपारी फोन आला. मंगलानं दुकानातच स्पीकरवर टाकला.

"नमस्कार, मी सुप्रिया बोलतेय, तक्रार निवारण विभागातून. मंगलाताई, आपल्या आधीच्या तक्रारीत आपणच लिहिलं होतं ना, की पैसे येऊन राहिले आहेत?"

मला राहवलं नाही. "बाई, मी आता तुमच्याशी बोलून राहिलो. म्हणजे बोलणं संपलं का?"

मग सुप्रियाबाई हसू दाबत म्हणाली, "नाही... चालू आहे."

"बस. तसेच पैसे."

"ठीक आहे, लक्षात आलं. आता व्यवहार पाहते. रक्कम आम्ही पाठवली होती. खात्याचे शेवटचे अंक सहा, एक, चार, सात."

मंगलानं पासबुक उघडलं. "सहा, एक, सात, चार."

दुकानात सगळ्यांनी प्रवीणकडं पाहिलं. प्रवीण टेबलाखाली काहीतरी शोधायला लागला. नंबर दोनदा टाका असं ॲप सांगतं, चूक कळावी म्हणून. यानं पहिला टाकला आणि दुसऱ्या जागी तोच उचलून चिटकवला होता. दोन्ही जुळले, ॲप खूश.

"अच्छा," सुप्रिया म्हणाली, "म्हणूनच. त्या नंबरचं खातंच नाही, त्यामुळे बँकेनं रक्कम आमच्याकडे परत पाठवलेली दिसतेय."

"कधी?" मंगलानं विचारलं.

"...दुसऱ्याच दिवशी."

"म्हणजे महिनाभर पैसे तुमच्याकडं, अन् हिरवी खूण माह्याकडं?"

"ताई, रक्कम आमच्याकडून निघाली की सिस्टीममध्ये पूर्ण असं येतं."

"नंबर आमचा चुकला, ते कबूल," मंगला म्हणाली. "पण पाहा बाई. तुमच्यात निघाले म्हणजे पोचले, अन् येऊन राहिले म्हणजे आले. मग आमची बोली उलटी का तुमची?"

सुप्रियाबाईनं बरोबर नंबर लेखी मागवला, रद्द केलेल्या चेकचा फोटो मागवला. मंगलानं यावेळी एकेक अंक स्वतः वाचून स्वतः टाकला, दोनदा. प्रवीणला हात लावू दिला नाही.

पैसे आले. आले म्हणजे आले. बँकेचा मेसेज वाजला, पासबुकात छापून आलं. सोबत कंपनीचं पत्र: 'ग्राहकाने रक्कम मिळाल्याचे मान्य केले होते, ही नोंद आमच्या गैरसमजातून झाली होती. ती रद्द करण्यात आली आहे.'

मंगलानं बँकेतून रोख काढली आणि बैठकीत सतरंजीवर ठेवली. पत्र उघडून फोन इंदूबाईच्या हातात दिला.

"तुमी वाचा. तुमचं वाचणं सगळ्यायले पटते."

इंदूबाईनं फोन लांब धरला. 'मान्य केले होते' इथवर आवाज मोठा होता. 'गैरसमजातून' ला बारीक झाला.

"मोठ्यानं बाई," मंगला म्हणाली. "त्या दिवशी जेवढ्या आवाजात वाचलं, तेवढ्यात."

इंदूबाईनं तिच्याकडं पाहिलं. वाटलं, आता विळा निघतो. पण तिनं पुन्हा पहिल्यापासून वाचलं, असं की बाहेर ओट्यावर माझ्या कानाला दडे बसले. मग नोटा मोजल्या. मग म्हणाली, "आता मशीन कुठून घ्यायची?"

"नागपूरहून. दुकानात बसून, चालवून पाहून. अन् तुमी सोबत यायचं."

"येतो ना. मले कायले भेव आहे?"

तेवढ्यात मंगलाच्या फोनवर मेसेज वाजला. कंपनीच विचारत होती: 'आपल्या तक्रारीचे निराकरण झाले. आपण समाधानी आहात का? कृपया आपला अभिप्राय लिहा.'

मंगलानं फोन उचलला आणि ओट्यावर माझ्याकडं आली.

"काकाजी, आता लिवा तुमच्या मनानं."

मी बैल आठवले, बंडी आठवली. बोरगावचं संत्रंही आठवलं. मग सगळं सोडलं आणि एकच ओळ सांगितली. तिनं ती वाचली, हसली, आणि पाठवून दिली:

'हो, आम्ही समाधानी होऊन राहिलो.'