सहजच पाठवलेला कपाटाचा फोटो

सुनेत्राबाईंच्या कपाटातल्या पुस्तकाचं नाव प्रभाकरभावजींनी मोबाईलवर लिहिलं, की ते पुस्तक तिथल्या तिथे वीतभर जाड होत होतं. आणि भावजींनी त्या दुपारी अख्खं कपाट वाचायला घेतलं होतं.

चूक म्हणावी तर बाईंचीच. फोटो त्यांनीच टाकला होता. 'हे' गेल्यापासून घरात सगळं कसं ओल्या कपड्यासारखं जड झालं होतं, आणि आज पहिल्यांदा खिडकीतून ऊन येऊन कपाटावर पडलं, तेव्हा त्यांना बरं वाटलं. उगाच, काही कारण नसताना. मधल्या खणात एक पुस्तक आडवं होतं, त्यावर ह्यांचा चष्मा. ते सगळं त्यांनी घरच्या ग्रुपवर पाठवलं आणि खाली लिहिलं, "सहजच." कोणीतरी दोन शब्द बोलावं, एवढीच इच्छा.

भावजी आयुष्यभर शाळा तपासत हिंडलेले. दोन बोटांनी फोटो ताणून मोठा केला आणि सुरू झाले.

"वरच्या ओळीत डावीकडून पहिलं: पापडांचे प्रकार. दुसरं: आपली मूत्रपिंडे. तिसऱ्याचं नाव पुसट आहे वहिनी, वाचून कळवा."

पापडांचे प्रकार फुगले. मूत्रपिंडे फुगली. कपाट करकरलं आणि खिडकीच्या दिशेने सरकलं.

"भावजी, पुरे हो," बाईंनी लिहिलं. "फोटो नुसता बघायला टाकलाय."

"बघतोच आहे ना! चौथं: सोपे भरतकाम. पाचवं उलटं ठेवलंय. पुस्तक उलटं ठेवू नये."

आता काय कपाळ बडवून घ्यायचं? माणसाने दारात काढलेली रांगोळी दाखवावी, तर हे ठिपके मोजत बसणार! बाईंनी चिडून फोटो सगळ्यांसाठी डिलीट केला. भावजींचं लगेच उत्तर आलं, "काळजी नको, मी आधीच सेव्ह केलाय."

भरतकामाने खिडकीची एक झडप गिळली. कपाटाचं दुसरं टोक दारावर चढलं आणि कडी दिसेनाशी झाली. बाईंनी खांदा लावून ढकललं, पण कपाट म्हशीसारखं ढिम्म. उन्हाचा पट्टा आता चटईएवढा उरला होता, आणि तोही अंग चोरत होता. त्याच्याकडे बघून बाईंना रडू आलं. एवढ्या महिन्यांनी आलेलं ऊन, आणि तेही ह्यांच्या सख्ख्या भावाने झाकून टाकावं!

ग्रुपवरच्या बाकीच्यांनी नुसते अंगठे पाठवले. अंगठ्याने काही होत नव्हतं. ना वाढ, ना घट.

मग ओवीचं उत्तर आलं. ओवी म्हणजे भावजींचीच लेक, नागपुरात नोकरीला.

"काकू, डिलीट का केलंत? मी तेवढ्यात पाहिला होता. पुस्तकं कुठली ते काही नीट बघितलं नाही हं, पण ऊन कसलं निवांत पडलंय! मधल्या खणात चष्मा होता ना? कोणीतरी वाचता वाचता नुकतंच उठून गेल्यासारखं वाटलं. खूप दिवसांनी तुमचं घर असं दिसलं. बरं वाटतंय ना आज?"

कपाट थांबलं. मूत्रपिंडे बोटभर बारीक झाली. उन्हाचा पट्टा पसरून पुन्हा बाईंच्या पावलांपर्यंत आला.

"हो गं," बाईंनी लिहिलं. डोळे भरल्यामुळे अक्षरं दिसत नव्हती. "आज बरं वाटतंय. इथे येऊन बसावं कोणीतरी, असं ऊन आहे."

"आलेच."

बाईंनी मान वर केली तर ओवी पट्ट्यातच बसली होती, चपला बाजूला काढून, कपाटाच्या खालच्या खणाला पाठ टेकून. दार कपाटामागे बंदच होतं. एवढं बरोबर बोलणारं माणूस आलं कुठून, हे कोण विचारतं?

"चहा टाकू?"

"अर्धा कप. आणि बसा तुम्हीपण."

स्वयंपाकघराची वाट तेवढी मोकळी होती. बाई दोन कप घेऊन आल्या, तोच मोबाईल थरथरला.

"वहिनी, फोटोत ओवी कशी आली? असो. बाकीची नावं वाचून ठेवलीत, खालच्या खणातलं एकच पुस्तक राहिलंय, ते तिच्या पाठीमागे आहे. तिला जरा सरकायला सांगा."

बाईंनी ते मोठ्याने वाचून दाखवलं.

"बाबा ना!" ओवी म्हणाली. तिने चहाचा घोट घेतला आणि पाठ आणखी घट्ट टेकली. बाई तिच्या खांद्याला खांदा लावून बसल्या. पाठीमागे कपाट करकरलं. भावजी टाइप करत होते. ऊन दोघींच्या घोट्यांपर्यंत होतं.