सोप्या शब्दांतलं इनाम

भाऊसाहेबांना नातेवाईक पाठीमागे ‘जहागीरदार’ म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. त्याचा त्यांना रागही नव्हता. राग होता तो काकूचा. चुलत काकांच्या माघारी ती बंगल्यामागच्या दोन खोल्यांत ठाण मांडून बसली होती, आणि बंगल्याखालची जमीन विकायची तर तिला हलवणं भाग होतं.

दोघांच्या वकिलांनी त्या जमिनीच्या जुन्या मोडी सनदेचं भाषांतर एकाच जाणकार बाईकडून करून घ्यायचं ठरवलं. ती लिहील ते दोघांना मान्य, असं लेखी झालं. भाऊसाहेबांचा वकील म्हणाला होता, ‘‘जुने शब्द तसेच राहू द्या, वाद घालायला जागा राहते.’’ पण ऐकतील ते भाऊसाहेब कसले! एकूणएक शब्द आजच्या मराठीत हवा, कंसातसुद्धा फारसी नको, अशी अट त्यांनी हट्टानं घालून घेतली. काकूला नंतर ‘कळलं नाही’ म्हणायला तोंड उरू नये, एवढाच हेतू.

आज भाऊसाहेबांच्या वकिलाच्या खोलीत काकू त्यांच्याकडे पाठ करून बसली होती.

‘‘मूळ वाक्य आधी वाचते,’’ बाई म्हणाली. ‘‘सदरहू जमीन धाकट्याची मिरास. तिचा कुलबाब कुलकानू महसूल थोरल्यास अवलाद अफलाद इनाम.’’

शेवटचे तीन शब्द भाऊसाहेबांना लहानपणापासून पाठ होते. आजोबा तेवढेच म्हणत. ते खुर्चीत रेलले. ‘‘आता हिला समजेल असं सांगा.’’

‘‘जमीन धाकट्या भावाची, पिढीजात हक्काची. त्या जमिनीवर सरकारला भरायचा सगळा कर मात्र थोरल्या भावाला आणि त्याच्या वंशजांना बक्षीस.’’

‘‘म्हणजे जमीन आमची.’’

‘‘नाही. कर तुमचा. आणि तो कर कधीच बंद झालाय.’’

भाऊसाहेब खुर्चीत ताठ झाले. आपण थोरल्याचे. धाकट्याचा वंश म्हणजे काका. काकांच्या मागे फक्त ही काकू. ‘‘इनाम म्हणजे जमीन! अख्खं गाव म्हणतं!’’

‘‘जमीनही देत. ती दिली की तसं लिहीत. इथं महसूल लिहिलाय.’’

‘‘मग जुनेच शब्द ठेवा. आम्ही बघतो काय ते.’’

‘‘कंसातसुद्धा नको म्हणालात. सही आहे तुमची.’’

वकील खिडकीबाहेर बघत राहिला. आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, हे भाऊसाहेबांना कुणी सांगायला नको होतं.

काकू आता वळली. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, नुसता वीस वर्षांचा राग होता.

‘‘आश्रित म्हणालास मला. पाहुण्यांसमोर.’’

‘‘काकू, घरातलं घरात मिटवू. मी काय परका आहे का?’’

‘‘नाही ना. म्हणून तर सांगते. बंगला तुझा, त्याला मी हात लावायची नाही. जमीन माझी. तेव्हा तो उचल आणि घेऊन जा कुठं न्यायचा तिथं.’’

भाऊसाहेब हसायला गेले. काकू हसत नव्हती.