पाठीवरचे पांढरे पट्टे

पनवेलच्या वाचनालयातला तुळशीराम पुस्तकं देता देता ग्राहकाची अक्कलही ठरवायचा, आणि सत्यवतीबाई गुप्त्यांच्या बाबतीत त्याचा हिशेब पार चुकला होता. बाईंना खुनाबिनाचं वाचायला आवडतं एवढंच त्याच्या डोक्यात शिरलेलं. म्हणून तो दर शनिवारी रक्ताचे ओघळ काढलेलं एखादं मुखपृष्ठ पुढे सरकवायचा. बाई ते दोन बोटांनी मागे ढकलायच्या.

"यात मेलेल्या माणसाखेरीज सगळं आहे," त्या म्हणायच्या. "बाईचा पदर आहे, पावसाळी रात्र आहे, प्रेत कुठेय?"

त्यांना हवं होतं ते न्यायवैद्यकाचं जाडजूड इंग्रजी पुस्तक. एका स्वर्गवासी डॉक्टरांच्या कपाटातून ते वाचनालयात आलं होतं आणि बाईंखेरीज कुणी त्याला हात लावत नव्हतं. मुलींच्या शाळेत गणित शिकवून आल्यावर त्या ते चवीनं वाचत. त्यांना सगळ्यात आवडायचं ते एकच, पुस्तक जागोजागी सरळ कबूल करायचं की इथे नक्की सांगता येत नाही. तुळशीरामच्या लेखकांना मात्र सगळंच नक्की ठाऊक असायचं. त्या लेखकांचा बाईंना मनापासून तिटकारा होता, आणि वाचणाऱ्यांचा त्याहून जास्त.

त्या शनिवारी तुळशीराम उड्या मारतच आला. तो एका साप्ताहिकाला फुटकळ बातम्याही पुरवायचा.

"बाई, आता खरा खून! रोडपालीचा बळीराम, मिठागरावरचा. बायकोनं दोरखंडानं फोडून मारला. अंघोळ घालायला उलटा केला, तर पाठभर वळ! भाऊ धर्मराज ओरडला, पोलीस पाटलानं वर्दी दिली. प्रेत दवाखान्यात आणलंय, बायको चौकीत."

बायको म्हणजे मालू. बाईंच्या दारी खाडीतली निवट्या मासळी विकायला यायची तीच.

"वळ कसले? रंग सांग."

"पाठ जांभळी, त्यावर पांढऱ्या रेघा, आडव्यातिडव्या. मी स्वतः पाहिल्या."

"पांढऱ्या?" बाई उठल्याच. "दोरीनं मारलं तर पांढरं उमटतं होय रे, गाढवा?"

पुस्तक काखोटीला मारून त्या तडक दवाखान्यात गेल्या. डॉक्टर कारखानीस पेन उघडून बसले होते. समोर फौजदार. अंगावर मारहाणीच्या खुणा, हे वाक्य लिहायचंच काय ते बाकी होतं. ते एकदा लिहिलं गेलं, प्रेत जळलं, की मालूला वाचवायला राखेतून काही निघणार नव्हतं.

"तो कशावर झोपला होता?" बाईंनी दारातूनच विचारलं.

"सुंभाच्या बाजेवर," कोपऱ्यातला धर्मराज म्हणाला. "उघडाच झोपायचा. सकाळी उठलाच नाय."

"मग हृदय थांबल्यावर रक्त खाली पाठीकडे उतरलं, म्हणून पाठ जांभळी. सुंभाचे पीळ जिथे रुतले तिथे त्याला शिरता आलं नाही, म्हणून तिथे पांढरं. सात-आठ तासांत रंग बसून जातो, मग उलटा केला तरी हटत नाही. तुम्ही बाजेची वीण पाहताय, फौजदार!"

"बाई, शाळा तिकडे," फौजदार म्हणाला.

"तिकडे निदान उत्तर तपासून देतात. डॉक्टर, जांभळ्या भागात सुरी घाला. मार असेल तर रक्त मांसात गोठलेलं असेल, धुतल्यानं जाणार नाही. नसेल तर शिरांतलं रक्त ओघळेल आणि पाण्यानं निघून जाईल. हे तुम्हाला कॉलेजात शिकवलं होतं."

शिकवलं होतं. डॉक्टरांचे कान लाल झाले. त्यांनी तीन जागी छेद घेतले आणि पाणी ओतलं. खालचं मांस स्वच्छ निघालं. मग मुकाट्यानं त्यांनी छाती उघडली. हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी गाठीनं बुजलेली होती. गळ्यावर काही नव्हतं, डोक्यावर नव्हतं. पोटातले नमुने मुंबईला तपासायला पाठवायचं ठरलं, कारण विषाचं नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. ते बाईंनीच बजावलं. पण मारहाणीचं वाक्य काही लिहिलं गेलं नाही, आणि मालूला संध्याकाळी सोडलं.

बाई चौकीबाहेर थांबल्या होत्या. डॉक्टर, फौजदार, धर्मराज, तुळशीराम, एकेकाची लायकी मनात मोजून झाली होती आणि त्यांना फार बरं वाटत होतं. मालू आली तेव्हा त्यांनी तिला सगळं पुन्हा समजावलं. रक्त कसं उतरतं, सुंभ कसा रुततो. मालूनं पदरानं तोंड पुसत शेवटपर्यंत ऐकलं.

"मी सकालपासून सांगतेय, मी हात नाय लावला. कुनी आयकलं नाय. बाई, ते पट्टे पांढरे नसते, तर तुमी आल्या असत्या?"

तीन वर्षं ही बाई दारात बसून सत्यवतीबाईंशी बोलत होती. नवऱ्याचं नाव घेताना लाजायची, हेही त्यांनी पाहिलेलं होतं. दवाखान्यात त्यातलं काहीएक त्यांना आठवलं नव्हतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "नसते आले."

मालूनं मान हलवली आणि नवऱ्याला न्यायला ती दवाखान्याकडे वळली.